अमरदाद १३५६

आप्पांच्या बी.ए.च्या पदवीवर साल आहे १३५६. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. उस्मानिया विद्यापीठाची ती पदवी उर्दूत आहे. कागद जाड आणि पिवळट. चार घड्या पडलेल्या, आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पारदर्शक चिकटपट्टी. आम्ही पोरं लहानपणी तो कागद उलटासुलटा धरून बघायचो आणि आप्पा शिवाजी महाराजांच्या आधीचे आहेत असं शाळेत सांगायचो.

१३५६ हे फसली साल. निजामाच्या राज्यात शेतसाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सरकारी कागद फसलीत चालत. वर्षाचा पहिला महिना अझूर, तो ऑक्टोबरात लागायचा. मग दै, बहमन, इस्फंदार करत करत आबान संपेपर्यंत पुढचा सप्टेंबर निघून जायचा. आमच्याकडे आजोबांच्या पिढीला हे महिने चैत्र-वैशाखासारखे पाठ होते. आप्पांना शेवटपर्यंत पाठ होते, आणि त्याला कारण होतं. १९५७च्या जुलैत ऐन वेळी पाठ नसते, तर त्यांची बी.टी. हुकली असती.

आप्पा बी.ए.ची परीक्षा पास झाले ते १९४७च्या उन्हाळ्यात. सारं शिक्षण उर्दूतून. १९१७च्या फर्मानाने विद्यापीठ निघालं तेच उर्दू माध्यमाचं, आणि पुस्तकं लागतील म्हणून भाषांतराचा वेगळा विभागच काढलेला. त्यामुळे परभणीच्या ब्राह्मणाच्या पोराने अर्थशास्त्र 'मआशियात' म्हणून आणि इतिहास 'तारीख' म्हणून वाचला. मागणी-पुरवठा म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी 'तलब और रसद' यायचं. पुढे चाळीस वर्षं मराठीतून शिकवूनही ते गेलं नाही.

निकाल लागला, पण पदवीदानाला जाणं झालं नाही. १९४७च्या हिवाळ्यात रझाकारांचा जोर वाढला, घरच्यांनी बिऱ्हाड वऱ्हाडातल्या नातेवाइकांकडे हलवलं. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, मंडळी परतली, आणि शिकलेला माणूस दिसला की शाळेवर ओढून न्यायचे ते दिवस होते. आप्पा प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर मास्तर झाले. त्या कागदावर लिहिलं होतं की हा उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, पदवी यथावकाश प्रदान होईल. यथावकाश म्हणजे दहा वर्षं गेली. पगार मिळत होता, कोणी विचारलं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. शाळेत आता ट्रेंड आणि अनट्रेंड असा फरक पडायला लागला, म्हणून तिशी ओलांडल्यावर आप्पांनी पुण्याच्या एका ट्रेनिंग कॉलेजात बी.टी.साठी अर्ज टाकला. जागा मिळाली. फी भरून ते सामान न्यायला परभणीला आले, आणि बुधवारी दुपारच्या टपालाने पत्र आलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत मूळ पदवी कचेरीत दाखल करा, नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराला जाईल.

गावातल्या हेडमास्तरांनी सल्ला दिला, "पदवी कोण बघतं? दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाताना मायग्रेशन लागतं. ते तुमच्याकडे आहे ना? झालं तर!" हे निम्मं खरं होतं. मायग्रेशन लागतंच, पण ते फक्त एवढंच सांगतं की हा विद्यार्थी तुमच्याकडे यायला आमची हरकत नाही. तो पदवीधर आहे की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. पुणे विद्यापीठाने पात्रता द्यायची तर मूळ पदवी किंवा ताजं प्रोव्हिजनल हवं. दहा वर्षं जुनं प्रोव्हिजनल पाहिल्यावर कोणीही विचारणार, की बाबा, मूळ का घेतली नाही? आप्पा म्हणायचे, कॉलेजचं काही चुकलं नव्हतं. मीही तेच विचारलं असतं.

त्याच रात्री ते काचीगुड्याच्या गाडीत बसले. मनमाडहून काचीगुड्याला जाणारी ही मीटरगेज निजामाच्या काळातली. डबे अरुंद, वेग बेताचा, आणि पूर्णा-नांदेड-मुदखेड करत रात्रभर चालणारी. बसायला जागा नव्हती. धर्माबाद सुटल्यावर बासरच्या पलीकडे गाडी गोदावरीच्या पुलावर येते, तिथे लोक झोपेतून उठून पाण्यात नाणी टाकतात. बासरला सरस्वतीचं देऊळ, त्यामुळे पदवीला निघालेल्या माणसाने तर टाकायलाच हवं. माझे वडील सांगत की आप्पांनी एक आणा टाकला. आप्पा हटकून दुरुस्त करत: आणा नाही, नवे पैसे नुकते निघाले होते, एप्रिलपासून, आणि पाण्यात काय टाकायचं याचा हिशेब करेपर्यंत पूल संपला. वडिलांना हे कधी पटलं नाही.

सकाळी ते काचीगुड्याला उतरून मावशीकडे गेले. काचीगुडा, सुलतान बाजार हा हैदराबादेतला मराठी माणसांचा भाग; विवेकवर्धिनी शाळा जवळच. मावशीला वाटलं, पोरगी बघायला आलाय. "इतक्या घाईने येतात का? निरोप तरी पाठवायचास." पदवीचं कळल्यावर तिचा विरस झाला. काकांनी मात्र पानाचा डबा खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "फसली आहे का रे त्यावर?"

काकांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या सर्व्हिस बुकात जन्म लिहिलेला होता फरवर्दी १३११ फसली. फरवर्दी म्हणजे फेब्रुवारीच्या आसपासचा महिना. खात्यातल्या कोणीतरी फसलीत ५९० मिळवले, १९०१ काढलं, आणि पंचावन्न वर्षं भरली म्हणून १९५६च्या फेब्रुवारीत त्यांना घरी बसवलं. खरं तर १३११ फसली सुरूच झालं १९०१च्या ऑक्टोबरात. त्यातला फरवर्दी आला १९०२मध्ये. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवायचे, जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत ५९१. त्या एका आकड्यात काकांचा एक वर्षाचा पगार गेला. ते आप्पांना विद्यापीठाचा रस्ता सांगायचं सोडून अर्धा तास आपल्या अर्जांच्या नकला दाखवत बसले. आप्पांचा जीव घड्याळात होता, पण वडील माणसाला थांबवायचं कसं?

निघताना काकांनी त्यांच्या हातात एक जंत्री कोंबली. त्याच सालची, १३५६ची. हैदराबादेत अशा जंत्र्या घरोघर असत. पानावर हिजरी, फसली आणि इसवी तारखा शेजारीशेजारी छापलेल्या, सणवार, सुट्ट्या. ही मावशीने दुधाच्या हिशेबासाठी वापरलेली होती. एकेका तारखेपुढे पेन्सिलीने पाव, अर्धा, 'खाडा'. "बरोबर राहू दे," काका म्हणाले, "तिकडे तुला कोणीतरी ५९० मिळवणारा भेटेलच."

अडिकमेटच्या आवारात आप्पा दहा वर्षांनी गेले. आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची प्रचंड इमारत तशीच होती, आतली भाषा बदलली होती. पोलीस ॲक्शननंतर उर्दू जाऊन इंग्रजी आली होती आणि वऱ्हांड्यातले विद्यार्थी 'इकॉनॉमिक्स' म्हणत होते. परीक्षा विभागात अर्ज लिहून द्यायचा, पदवीदानाला गैरहजर राहिलेल्यांची फी रोखपालाकडे भरायची, पावती जोडायची, मग जुने कागद असलेल्या खोलीत जायचं. छापील फॉर्मवर फी रुपये-आण्यांत, खिडकीशी नव्या पैशांचा तक्ता. दोन आण्यांचे बारा होतात की तेरा यावर रांगेत वाद. तक्त्यात बारा होते.

खोलीत एक तरुण कारकून होता. आप्पांनी सांगितलं, बी.ए., १९४७. तो गठ्ठे चाळायला लागला. न घेतलेल्या पदव्या कापडात बांधून फळीवर लावलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर साल उर्दू आकड्यांत. त्याने १३५७चा सोडला, कारण पदवीदान त्या सालात झालेलं. नाव नाही. दुसऱ्यांदा पाहिलं, नाही. आप्पांच्या पोटात गोळा आला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरचे म्हातारे मुन्शीजी, चष्मा कपाळावर, न उठता म्हणाले, "इम्तेहान का साल देखो मियाँ, जलसे का नक्को." गठ्ठे परीक्षेच्या सालाने बांधले होते. १३५६चा सोडल्यावर चौथी-पाचवी पदवी आप्पांचीच निघाली.

आप्पांनी प्रोव्हिजनल दाखवलं, सही जुळवली, वहीत नोंद झाली. मुन्शीजींनी पदवी हातात घेऊन वाचली. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे मराठी नावांची गंमत होते. न ऐकलेला माणूस मुकुंदाला मकंदही वाचेल. आप्पांचं नाव त्यांनी बरोबर वाचलं आणि मान हलवली. "अच्छी चीज है. लेकिन उधर पूने में इसको पढ़ता कौन?" मग सल्ला दिला: इंग्रजीत एक पत्र घ्या, रोल नंबर, दर्जा, आणि फसली-इसवी दोन्ही साल घालून. पण त्यावर ज्या साहेबांची सही लागणार होती ते दौऱ्यावर होते, सोमवारी येणार. आप्पांची गाडी त्याच रात्री होती. मुन्शीजी जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तिथे एखादा फारसीचा प्रोफेसर गाठा, आणि पत्र मी सोमवारी टपालाने पाठवतो, पत्ता लिहून द्या.

ती दुसरी रात्र वाडीमार्गे, ब्रॉडगेजवर. वाडीला बराच वेळ गाडी उभी असताना आप्पांनी पदवी पिशवीतून काढून बनियनच्या आत ठेवली. त्या चार घड्या तिथल्या. मी एकदा म्हटलं, पुठ्ठ्यात घालून न्यायची होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

शुक्रवारी दुपारी ते कॉलेजच्या कचेरीत पोचले. मुदतीला जवळजवळ एक दिवस हातात होता आणि आप्पांच्या मते खरी धावपळ इथून सुरू झाली. हेडक्लार्क सज्जन होते, त्यांनी कागद सरळ धरला, मग आडवा धरला. "हे काय आहे?" पदवी आहे हे आप्पांनी सांगायचं, आणि आप्पा बी.ए. आहेत हे पदवीने सांगायचं, असा तो पेच. फारसीचे एक प्राध्यापक संध्याकाळी घरी भेटले. त्यांनी चहा दिला, हैदराबादच्या खुशनवीसांच्या अक्षराचं कौतुक केलं, आणि स्वच्छ इंग्रजीत भाषांतर लिहून खाली सही-शिक्का केला. निकालाची तारीख त्यांनी होती तशी ठेवली: अमरदाद, १३५६ फसली. "महिने मला ठाऊक आहेत, पण तुमच्या राज्यातली वर्षाची सुरुवात मी खात्रीने सांगणार नाही. जे लिहिलंय तेच मी लिहीन." माहीतगार माणूस कुठे थांबतो, हे आप्पा त्यांच्यावरून आम्हाला शिकवायचे.

शनिवारी सकाळी हेडक्लार्कनी भाषांतर वाचलं आणि विचारलं, हे इसवी किती? शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते. सुट्टीच्या दिवशी पेशवे दफ्तरात बसणारे, मोडी वाचणारे. त्यांना फसली माहीत होतं, आणि ते माहीत असलेला माणूस भेटला म्हणून आप्पांना हायसं वाटलं. फार वेळ नाही. गृहस्थ म्हणाले, "सोपं आहे. फसलीत ५९० मिळवा. १९४६. आणि वर्ष मृगाला सुरू होतं. तुमचा अमरदाद जूनचा म्हणता ना? मग मृग लागल्यावरचा जून, वर्षाच्या सुरुवातीचा. म्हणजे जून १९४६." फॉर्मवर आप्पांनी लिहिलं होतं १९४७. प्रोव्हिजनलवर १९४७. आणि मूळ पदवी म्हणतेय १९४६! आता प्रश्न मुदतीचा राहिला नाही, हा कागद याच माणसाचा आहे का, असा झाला.

ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. मराठी दफ्तरातलं फसली मृगालाच सुरू होतं आणि त्या कागदांना त्यांचा हिशेब लागू पडतो. निजामाचं फसली नाव तेच ठेवून अझूरपासून, ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे जून तिथे वर्षाच्या शेवटाकडे येतो. १३५६चा अझूर ऑक्टोबर १९४६चा, म्हणून अमरदाद १९४७चा. आप्पांनी हे सांगितलं. गृहस्थ म्हणाले, असं मी कुठे वाचलेलं नाही. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

आप्पांनी मावशीची जंत्री टेबलावर ठेवली. अमरदादचं पान. फसलीच्या रकान्याशेजारी इसवीचा रकाना, त्यात जून १९४७. हेडक्लार्क वाचत राहिले. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे पाव, अर्धा काय?"

"दूध."

"आणि हा पुरावा?"

दफ्तरवाल्या गृहस्थांनी पान हातात घेतलं, मागचीपुढची पानं उलटली, अझूर शोधला, ऑक्टोबर बघितला. अभ्यासू माणसाला स्वतःचं चुकल्याचं कळतं तेव्हा तो आधी छापखान्याला दोष देतो. त्यांनी छापील चूक असू शकते म्हटलं. मग आबानपर्यंत सगळे महिने तपासले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाही, बरोबर दिसतंय. मला हे उतरवून घेता येईल?" त्यांनी तिथेच बारा महिने वहीत उतरवले, आणि हेडक्लार्क बाराच्या आधी कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले. निर्णय असा झाला: पदवी दाखल करून घ्यावी, उमेदवाराकडून हमीपत्र घ्यावं, आणि हैदराबादचं पत्र येईपर्यंत प्रवेश तात्पुरता धरावा.

मुन्शीजींचं पत्र आलं का? आप्पा म्हणत आलं, दोन आठवड्यांनी, दोन्ही सालं घालून. वडिलांचं म्हणणं, ते कधीच आलं नाही, पण वर्षभर कोणी पुन्हा विचारलं नाही, आणि आप्पांना मुन्शीजींचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. पदवीच्या समासात पेन्सिलीने 'जून ४७' असं बारीक लिहिलेलं आहे. ते अक्षर आप्पांचं नाही. मुन्शीजींचं, हेडक्लार्कचं की त्या दफ्तरवाल्यांचं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

त्या प्रवासाने आप्पांना एक जोडधंदा लागला, बिनपैशाचा. ऐंशीच्या दशकात आमच्या ओसरीवर निवृत्तीला आलेले मास्तर, तलाठी, पोस्टमन येऊन बसायचे. ज्यांचे जन्म फसली १३३५च्या पुढेमागे नोंदलेले, त्यांची अठ्ठावन्न वर्षं तेव्हा भरत होती. आप्पा साल विचारायच्या आधी महिना विचारायचे. महिना असला की उत्तर सरळ. नसला की पंचाईत, कारण नोकरीच्या नियमात नुसतं साल माहीत असेल तर जन्मतारीख १ जुलै धरतात. १३३६ फसलीतला जुलै १९२७चा. पण ज्याने आधीच ५९० मिळवून ठेवले त्याच्या कागदावर तो १९२६चा होतो, आणि माणूस १९८५ऐवजी १९८४मध्ये घरी जातो. काकांसाठीही आप्पांनी इंग्रजीत अर्ज लिहून दिले होते. त्यांचं वर्ष काही परत मिळालं नाही.

एकदा जिंतूरकडचे एक मास्तर आले. दाखल्यावर फक्त १३३६ फसली. आप्पांनी विचारलं, घरात कोणी काही सांगायचं का, पाऊस होता, थंडी होती?

"आई म्हणायची, सुगीत झाला."

"कोणत्या सुगीत? खरिपाच्या की रब्बीच्या?"

मास्तर गप्प झाले. हा प्रश्न त्यांना अठ्ठावन्न वर्षांत कोणी विचारला नव्हता. खरिपाची असेल तर १९२६, ५९० वाल्यांचं साल बरोबर. रब्बीची असेल तर १९२७. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, ज्वारीची. आप्पा म्हणाले, ज्वारी दोन्हीकडे असते हो. शेवटी मास्तरांना आठवलं की आई हरभऱ्याचा सोलाणा खात होती असं काहीतरी सांगायची. आप्पांनी रब्बी धरून अर्ज लिहून दिला. तो मंजूर झाला की नाही, हे सांगायला ते मास्तर पुन्हा आले नाहीत.